गोल शाफ्टच्या जागी चपटी पट्टी: टॉर्शनचं गणित कुठे फसतं आणि ते स्वतः कसं तपासावं

एका शेडसाठी आम्ही हवा खेळवणाऱ्या झडपांची एक रांग बनवली होती. चार झडपा, दीड मीटर लांबीचा एकच शाफ्ट आणि एका टोकाला मोटर. मूळ आराखड्यात २० मिमी व्यासाची गोल सळई होती. गोल सळईवर झडप बसवायची तर कान वेल्ड करावे लागतात, पट्टीला मात्र सरळ भोकं पाडून बोल्ट मारता येतात. म्हणून मी तिथे ४० × ८ मिमीची पट्टी सुचवली. क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच, आणि पोलर मोमेंट ऑफ इनर्शिया तर गोल सळईच्या जवळपास तिप्पट येत होता. म्हणजे पट्टी जास्त ताठ, असा मी निष्कर्ष काढला.

पहिल्याच दिवशी मोटरजवळची झडप घट्ट मिटली आणि शेवटची झडप जवळपास बोटभर उघडी राहिली. पट्टी मध्येच पिळली जात होती. गोल सळईपेक्षा कमी नाही, कितीतरी जास्त.

गोल शाफ्टचं सूत्र पट्टीला लावलं तर उत्तर थोडंफार चुकतं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते उत्तर उलट्या दिशेला जातं. खाली त्याच दोन छेदांची तुलना पायरी पायरीने दिली आहे: आधी हातात धरून, मग कागदावर आणि शेवटी बाकावर वजनं टांगून.

## लागणारं साहित्य

- जाड, आयताकृती खोडरबर आणि बॉलपेन
- २० मिमी गोल सळई आणि ४० × ८ मिमी पट्टी, दोन्ही साध्या माइल्ड स्टीलच्या, प्रत्येकी साधारण ५५० मिमी
- व्हर्नियर, फूटपट्टी, पक्का बसवलेला बेंच व्हाइस
- २५ मिमी शाफ्टचं एक पेडेस्टल बेअरिंग
- अर्धा मीटरपेक्षा थोडा लांब दांडा आणि एकूण १२ किलो वजनं (२ किलोच्या सहा चकत्या सोयीच्या)
- काटे म्हणून दोन हलक्या सरळ काड्या. अॅल्युमिनियमची पातळ नळी चांगली चालते.

## १. खोडरबर पिळून बघा

ही पायरी पोरकट वाटते म्हणून टाळू नका. खोडरबराच्या रुंद आणि अरुंद अशा दोन्ही बाजूंवर बॉलपेनने छोटे चौकोन आखा. दोन्ही टोकं धरून हलकेच पिळा आणि चौकोन किती तिरके होतात ते पाहा. चौकोन जितका तिरका, तितका तिथला शिअर स्ट्रेस जास्त.

रुंद बाजूच्या मधोमध असलेले चौकोन सर्वांत जास्त तिरके होतील. अरुंद बाजूच्या मधले त्याहून कमी. अगदी कडेच्या कोपऱ्याला लागून असलेले चौकोन मात्र जवळपास जसेच्या तसे काटकोनात राहतील. कोपरा केंद्रापासून सर्वांत लांब, तरी तिथे स्ट्रेस शून्य. गोल शाफ्टचा नियम (केंद्रापासून जितकं लांब तितका स्ट्रेस जास्त) इथे मोडला.

कारण साधं आहे. गोल शाफ्ट पिळला की त्याचा प्रत्येक छेद नाण्यासारखा सपाट राहून नुसता फिरतो. आयताचा छेदही तसाच सपाट राहिला असता, तर कोपऱ्यात स्ट्रेस सर्वाधिक असता आणि त्याची दिशा कडेला ओलांडून बाहेर जाणारी असती. शिअर स्ट्रेस एकटा कधीच येत नाही. छेदावर कडेला लंब असा जितका शिअर असेल, तितकाच लगतच्या बाहेरच्या पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने असावा लागतो. बाहेरचा पृष्ठभाग मोकळा आहे, त्याला कोणीही ओढत नाही. तेव्हा तो शिअर असूच शकत नाही. कोपऱ्यात दोन मोकळे पृष्ठभाग भेटतात, म्हणून तिथे दोन्ही दिशांचा स्ट्रेस शून्य होतो.

हे साधण्यासाठी छेद सपाटपणा सोडतो. पिळलेल्या खोडरबराच्या टोकाकडे कडेने पाहिलंत तर समोरासमोरचे दोन कोपरे किंचित पुढे आलेले आणि उरलेले दोन मागे गेलेले दिसतील. याला वार्पिंग म्हणतात. सेंट-व्हेनां या फ्रेंच अभियंत्याने १८५३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात याच वार्पिंगचा हिशोब धरून आयताचं खरं उत्तर काढलं. आज तक्त्यांमध्ये दिसणारे आकडे त्याच सिद्धांतातून येतात.

## २. मापं घ्या, नाममात्र आकड्यांवर विसंबू नका

पट्टीची जाडी लांबीभर पाच-सहा जागी व्हर्नियरने मोजा आणि सरासरी घ्या. आधी वरची खपली घासून काढा. पट्टीच्या पिळाच्या ताठपणात जाडीचा घन येतो. ८ मिमीच्या जागी ७.७ मिमी भरली तर ताठपणा जवळपास ११ टक्क्यांनी उतरतो, आणि हे डोळ्यांना कळत नाही. गोल सळईत व्यासाचा चौथा घात येतो, म्हणून तिथेही हीच काळजी घ्या.

पुढच्या गणितात मी नेमकी मापं धरली आहेत: व्यास २०, पट्टी ४० × ८. गोल सळईचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी, पट्टीचं ३२०. पट्टीला दोन टक्के जास्तच माल मिळाला आहे, म्हणजे तुलना तिच्या बाजूने झुकलेली आहे.

## ३. कागदावरचं गणित

गोल शाफ्टची सूत्रं सर्वांच्या ओळखीची आहेत. आयताची सूत्रं दिसायला तशीच, पण `J`, म्हणजे टॉर्शन कॉन्स्टंट, वेगळा. `a` म्हणजे लांब बाजू, `b` म्हणजे आखूड बाजू (जाडी):

```
गोल:    J = πd⁴/32       τ = 16T/(πd³)
आयत:   J = c2·a·b³      τ = T/(c1·a·b²)
दोन्ही:  θ = T·L/(G·J)

a/b     c1      c2
1       0.208   0.141
2       0.246   0.229
3       0.267   0.263
5       0.291   0.291
10      0.312   0.312
```

आपल्या पट्टीत `a/b` बरोबर ५ येतं, म्हणून दोन्ही गुणांक ०.२९१. पट्टी याहून पातळ होत गेली की ते एक तृतीयांशाकडे सरकतात.

आता ५० न्यूटन-मीटर टॉर्क, ४०० मिमी लांबी आणि स्टीलचा `G` ८०,००० मेगापास्कल धरून दोन्हींची उत्तरं काढू. तिसऱ्या ओळीत मी माझी चूक मुद्दाम ठेवली आहे, म्हणजे पट्टीला पोलर मोमेंट लावल्यावर येणारं उत्तर.

| छेद | J (मिमी⁴) | पिळाचा कोन | सर्वाधिक शिअर स्ट्रेस |
|---|---|---|---|
| गोल २० | १५,७०८ | ०.९१ अंश | ३२ मेगापास्कल |
| पट्टी ४० × ८, खरं | ५,९६० | २.४० अंश | ६७ मेगापास्कल |
| पट्टी, चुकीच्या सूत्राने | ४४,३७३ | ०.३२ अंश | — |

खरी पट्टी गोल सळईपेक्षा २.६ पट जास्त पिळते आणि तिच्यातला स्ट्रेस दुपटीहून जास्त असतो. क्षेत्रफळ तंतोतंत सारखं केलं तर हे गुणोत्तर २.७ होतं, कारण `J` क्षेत्रफळाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. चुकीचं सूत्र मात्र सांगतं की पट्टी २.८ पट ताठ आहे. खऱ्या आणि चुकीच्या उत्तरात साडेसात पटींचा फरक आहे. सुरक्षितता गुणकाच्या भरवशावर पचेल असा हा फरक नाही.

इथे लोक अडकतात. काही पुस्तकं बाजूंना `a` आणि `b` म्हणतात, काही `2a` आणि `2b`. काहींमध्ये `b` ही लांब बाजू असते. गुणांकांची नावंही बदलतात: एकाचा `α` दुसऱ्याचा `β`. नवीन तक्ता उघडलात की आधी त्यातून चौरसाचं उत्तर काढा. `J` जर बाजूच्या चौथ्या घाताच्या ०.१४१ पट आला, तरच तुम्ही अक्षरांचा अर्थ बरोबर लावला आहे.

दुसरी अडचण स्ट्रेसच्या जागेची. पोलर सूत्राची सवय असल्यामुळे हात आपोआप कोपऱ्याकडे जातो. पट्टीत सर्वाधिक स्ट्रेस लांब बाजूच्या मधोमध असतो, म्हणजे केंद्रापासून फक्त ४ मिमीवर. २० मिमीवर असलेल्या आखूड बाजूच्या मधल्या बिंदूत तो त्याच्या साधारण पाऊणपट भरतो. स्ट्रेन गेज चिकटवायचा असेल तर रुंद बाजूच्या मध्यरेषेवर, अक्षाशी ४५ अंशांत लावा.

## ४. एका ओळीची उलट तपासणी

सेंट-व्हेनांनेच दिलेलं एक अंदाजी सूत्र मला फार उपयोगी पडलं. भरीव आणि आत घुसणारे कोपरे नसलेल्या छेदांना ते चांगलं लागू पडतं:

```
J ≈ A⁴ / (40·Ip)
```

`A` क्षेत्रफळ, `Ip` पोलर मोमेंट ऑफ इनर्शिया. आपल्या पट्टीसाठी ३२० चा चौथा घात भागिले ४० गुणिले ४४,३७३ केलं की ५,९०८ येतात. तक्त्याचं उत्तर ५,९६०, म्हणजे एका टक्क्याहून कमी फरक.

या सूत्रात पोलर मोमेंट कुठे आहे ते पाहा. तो भागाकाराच्या रेषेखाली आहे. क्षेत्रफळ तेवढंच ठेवून माल केंद्रापासून लांब पसरवला की पोलर मोमेंट वाढतो आणि पिळाचा ताठपणा कमी होतो. माझी चूक नेमकी इथे होती. भरीव छेदांमध्ये, दिलेल्या क्षेत्रफळात सर्वांत कमी पोलर मोमेंट वर्तुळाचा, आणि म्हणून पिळाला सर्वांत ताठही वर्तुळच.

आकडे बाजूला ठेवून हे डोळ्यांपुढे आणायचं असेल तर लुडविग प्रांट्लची १९०३ ची कल्पना घ्या. पत्र्यात छेदाच्या आकाराचं भोक पाडा, त्यावर साबणाचा पडदा धरा आणि खालून हलकी हवा भरा. पडदा फुगतो. एखाद्या जागी त्याचा उतार जितका, तितका तिथला शिअर स्ट्रेस, आणि फुग्याखालचं आकारमान म्हणजे पिळाचा ताठपणा. गोल भोकावर ऐसपैस टेकडी उभी राहते. लांब, अरुंद भोकावर पडदा दोन्ही काठांनी इतका जवळून धरलेला असतो की तो उठूच शकत नाही. कोपऱ्यात तर त्याला दोन्ही बाजूंनी दाबून ठेवलेलं असतं, म्हणून तिथे उतार शून्य. पट्टीची जाडी म्हणजे या दोन काठांमधलं अंतर. ताठपणात तिचा घन का येतो, ते इथे उमगतं.

## ५. बाकावरची जुळणी

सळई आडवी ठेवायची. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं बेअरिंगमध्ये. व्हाइसच्या टोकाला ८-१० मिमी जाडीच्या प्लेटचा तुकडा वेल्ड करून तोच जबड्यात पकडा, कारण गोल सळई नुसती धरली तर घसरते. दुसऱ्या टोकाला २५ मिमी गोल तुकडा वेल्ड करा, तो बेअरिंगमधून बाहेर काढा आणि त्यावर दांडा बसवा. पट्टीला हा तुकडा तिच्या मध्यावर आला पाहिजे, त्यामुळे आधी चारही बाजूंनी माप घ्या आणि मगच टाका मारा. वेल्ड वगळून उरणारी मोकळी लांबी ५२० मिमी राहू द्या.

बेअरिंग का, असा प्रश्न पडेल. दांड्यावर वजन टांगलं की ते सळई पिळतं आणि खालीही ओढतं. बेअरिंग नसेल तर सळई वाकेल, काटा खाली येईल आणि तुम्ही वाकणं पिळात मोजाल. त्याच कारणासाठी पट्टी उभ्या कडेवर ठेवा, म्हणजे ४० मिमीची बाजू उभी.

दोन काटे सळईवर एकमेकांपासून ४०० मिमी अंतरावर पक्के करा, दोन्ही टोकांच्या वेल्डपासून ६० मिमी सोडून. हे अंतर सोडणं महत्त्वाचं. वेल्ड केलेल्या टोकाला पट्टीचा छेद सपाट राहायला भाग पडतो, वार्पिंग अडतं, आणि तेवढ्या भागात पट्टी तिच्या मूळ स्वभावापेक्षा ताठ वागते. या पट्टीत तो परिणाम दर १० मिमीला सुमारे एक तृतीयांशावर येतो, म्हणजे ६० मिमीपर्यंत त्याचं काही उरत नाही. गोल सळईत वार्पिंगच नसल्यामुळे हा प्रश्न येत नाही.

काट्याचं टोक अक्षापासून ३०० मिमीवर येऊ द्या. वजन टांगायची खाच अक्षापासून ५१० मिमीवर पाडा. तिथे १० किलो टांगले की बरोबर ५० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो.

## ६. आधी गोल सळई, मगच पट्टी

गोल सळईचं उत्तर निर्विवाद आहे. म्हणून तिच्यावर आधी तुमची जुळणी तपासा.

२ किलोची एक चकती टांगा. तिने सांध्यांमधला ढिलेपणा निघून जातो. त्या स्थितीत दोन्ही काट्यांच्या टोकांची उंची टिपा आणि तिला शून्य माना. दांड्याचं स्वतःचं वजनही यात आपोआप वजा होतं. मग दोन-दोन किलो वाढवत आणखी १० किलो चढवा आणि दर टप्प्याला दोन्ही टोकांची उंची लिहा. तुम्हाला हवा आहे तो दोन काट्यांच्या सरकण्यातला फरक. व्हाइसकडचा काटा थोडासा हलेलच, तो हलणं वजा झालं पाहिजे.

गोल सळईला हा फरक १० किलोला ४.८ मिमीच्या आसपास यायला हवा. ४.६ ते ५ मिमी आला तर जुळणी ठीक समजा. ६ मिमी किंवा जास्त आला तर व्यास पुन्हा मोजा आणि काटे सळईवर फिरत नाहीत ना ते पाहा. आकडे टप्प्याटप्प्याने सारखे वाढत नसतील, किंवा वजनं काढल्यावर काटा शून्यावर परतत नसेल, तर कुठेतरी घसरण आहे. ती सापडेपर्यंत पट्टीला हात लावू नका.

आता पट्टी लावा आणि तेच करा. चुकीच्या सूत्राप्रमाणे फरक १.७ मिमी यायला हवा, खऱ्या सूत्राप्रमाणे १२.६ मिमी. हा निवाडा करायला साधी फूटपट्टी पुरते. मी मोजलं तेव्हा १३ मिमीच्या थोडं वर आलं. व्हर्नियरने पाहिलं तर पट्टीची जाडी ८ च्या किंचित आत होती. हिशोब जुळला.

जास्त वजन टांगून बघायचा मोह होईल. साध्या माइल्ड स्टीलची ही पट्टी साधारण १०० न्यूटन-मीटरच्या पुढे रुंद बाजूच्या मध्यावर यील्ड व्हायला लागते. गोल सळई तिथे अजून अर्ध्यावरसुद्धा आलेली नसते. ५० वर थांबा.

## ७. सॉफ्टवेअरमध्ये आकडा भरताना

फ्रेम अॅनालिसिसच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये तयार आयताकृती छेद निवडला तर `J` बरोबर येतो. धोका छेदाचे गुणधर्म हाताने भरताना असतो. STAAD मध्ये `PRISMATIC` लिहून स्वतः आकडे देता, तेव्हा `IX` च्या जागी टॉर्शन कॉन्स्टंट, म्हणजे ५,९६०, द्यायचा असतो. तिथे `IY` आणि `IZ` ची बेरीज टाकली तर ती बरोबर ४४,३७३ होते, म्हणजे तोच चुकीचा पोलर मोमेंट. प्रोग्रॅम काहीच तक्रार करत नाही. कुणाचं जुनं मॉडेल हातात आलं तर मी पहिल्यांदा हेच पाहतो: `IX` हा `IY` आणि `IZ` च्या बेरजेइतका आहे का? गोल छेद नसताना तो तसा असेल, तर मॉडेलमधला प्रत्येक पिळाचा आकडा संशयास्पद आहे.

इथलं सगळं भरीव छेदांबद्दल आहे. पोकळ बंद चौकोनी नळीचं वागणं पूर्ण वेगळं असतं आणि तिथे माल बाहेर पसरवल्याचा फायदाच होतो. पण त्याच नळीला लांबीभर एक चीर पडली की ती पुन्हा पातळ पट्टीसारखी वागायला लागते.

## ८. पट्टीच वापरायची असेल तर

कधी कधी पट्टीशिवाय इलाज नसतो. तेव्हा आधी जाडी वाढवा, रुंदी नाही. ४० × ८ ची ८० × ८ केली तर माल दुप्पट लागतो आणि ताठपणाही फार तर दुपटीच्या थोडा वर जातो, म्हणजे गोल सळईच्या खालीच. तेच ५० × १० केली तर `J` १४,५५० होतो, म्हणजे २० मिमी गोल सळईच्या ९३ टक्के. वजन मात्र मीटरला २.४७ किलोवरून ३.९३ किलोवर जातं. साधारण चौरस छेद चालणार असेल तर तो यापेक्षा पुष्कळ बरा: १८ मिमी चौरस सळईचा `J` १४,७६० येतो आणि तिचं वजन गोल सळईपेक्षा जेमतेम ३ टक्के जास्त असतं. तिला बोल्टसाठी सपाट बाजूही मिळते. स्ट्रेस तेवढा ३२ वरून ४१ मेगापास्कलपर्यंत चढतो, तो तपासून घ्या. आणि बोल्टच्या भोकाने छेद कमी होतो, भोकाजवळ स्ट्रेसही साचतो. हे आकडे भोक नसलेल्या छेदाचे आहेत.

झडपांच्या त्या रांगेत आम्ही शेवटी २० मिमी गोल सळईच बसवली. चार जागी पट्टीचे छोटे कान वेल्ड केले आणि झडपा त्या कानांना बोल्टने जोडल्या. एक दिवसाचं वेल्डिंग जास्त लागलं. शेवटची झडप मिटली.